सगळ्या स्ट्रिंग छापणारं मशीन आणि फक्त 'हो' म्हणणारं मशीन: दोन्ही सारखीच कशी?

निळीशाई

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शिकतेय. एका प्रमेयापाशी अडले आहे. एखाद्या लँग्वेजसाठी, म्हणजे स्ट्रिंगच्या एखाद्या संचासाठी, रेकग्नायझर असेल तर तिच्यासाठी एन्युमरेटर असतोच, आणि एन्युमरेटर असेल तर रेकग्नायझर असतोच, असं ते प्रमेय.

एन्युमरेटर म्हणजे इनपुट न घेता चालू होणारं आणि लँग्वेजमधल्या स्ट्रिंग एकेक करून छापत राहणारं ट्युरिंग मशीन. रेकग्नायझर म्हणजे स्ट्रिंग दिली की, ती लँग्वेजमध्ये असेल तर कधी ना कधी 'हो' म्हणणारं. नसेल तर ते 'नाही' म्हणेल किंवा कायमचं फिरत राहील. इथपर्यंत ठीक.

एन्युमरेटरवरून रेकग्नायझर करायचा ते समजलं. आपली स्ट्रिंग हातात धरून बसायचं, एन्युमरेटर चालवायचा, ती छापली गेली की 'हो' म्हणायचं. उलट बाजू मात्र पचत नाही. सगळ्या स्ट्रिंग लांबीच्या क्रमाने घ्याव्यात, एकेक रेकग्नायझरला द्यावी, 'हो' आलं की छापावी, इतकं सोपं असताना सिद्धतेत भलतंच काहीतरी केलंय: आधी पहिल्या स्ट्रिंगवर एक पायरी, मग पहिल्या दोन स्ट्रिंगवर दोन-दोन पायऱ्या, मग पहिल्या तीनवर तीन-तीन, आणि दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे एकच स्ट्रिंग अगणित वेळा छापली जाते ती वेगळीच. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

---

कर्णरेषा

तुमच्या सोप्या पद्धतीत 'एकेक रेकग्नायझरला द्यावी' इथे अडचण आहे. पहिली दिली, उत्तर आलं, मग दुसरी दिली. पण उत्तर आलंच नाही तर? रेकग्नायझरला कायमचं फिरत राहायची मुभा आहे हे तुम्हीच वर लिहिलंय.

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. कोणताही धन पूर्णांक घ्या. सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर `5n+1` करा. हेच करत राहा, १ आला की थांबा. (प्रसिद्ध प्रश्न `3n+1` चा आहे, पण तिथे पाहिलेला प्रत्येक आकडा १ वर पोचतो, त्यामुळे आपल्याला हवी ती अडचण दिसत नाही.) आपली लँग्वेज म्हणजे या नियमाने १ वर पोचणारे सगळे आकडे. रेकग्नायझर अगदी साधा: नियम लावत राहा, १ आला की 'हो' म्हणा.

आता तुमची पद्धत चालवा. १ तर आधीच १ आहे, छापला. २ एका पायरीत पोचतो, छापला. ३ चा प्रवास ३ → १६ → ८ → ४ → २ → १, पाच पायऱ्या, छापला. ४ दोन पायऱ्यांत, छापला. आता ५ घ्या: ५ → २६ → १३ → ६६ → ३३ → १६६ → ८३ → ४१६ → २०८ → १०४ → ५२ → २६. परत २६ आला. इथून पुढे हेच चक्र अखंड.

म्हणजे तुमचा एन्युमरेटर १, २, ३, ४ छापून ५ वर जन्मभर अडकला. ६ सहा पायऱ्यांत १ वर पोचतो, तो लँग्वेजमध्ये आहे, पण त्याची पाळीच येणार नाही. एन्युमरेटरची अट अशी की लँग्वेजमधली प्रत्येक स्ट्रिंग कधी तरी छापली गेली पाहिजे, आणि ती इथे मोडली.

---

सहावाफाटा

पण हे टाळता येतं की. आधी आलेले आकडे लक्षात ठेवायचे. एखादा आकडा परत आला म्हणजे चक्रात सापडलो, तेव्हा 'नाही' म्हणायचं आणि पुढच्या आकड्याकडे जायचं. ५ च्या वेळी २६ दुसऱ्यांदा आला की विषय संपला. मग रेकग्नायझर अडकणारच नाही आणि निळीशाई यांची सोपी पद्धत चालेल.

---

कर्णरेषा

@सहावाफाटा, ५ पुरतं अगदी बरोबर. १७ सुद्धा असाच पकडता येईल, तो दहा पायऱ्यांत फिरून १७ वरच येतो. पण आता ७ घ्या:

७ → ३६ → १८ → ९ → ४६ → २३ → ११६ → ५८ → २९ → १४६ → ७३ → ३६६ → १८३ → ९१६ → ४५८ → २२९ → ११४६ → ५७३ → २८६६ → १४३३ → ७१६६ …

हा वाढतच जातो. लोकांनी संगणकावर प्रचंड लांबपर्यंत नेऊन पाहिलाय, तो १ वरही आला नाही आणि कोणत्या चक्रातही सापडला नाही. तो कधीच परतणार नाही असं सगळ्यांना वाटतं, पण ते कोणी सिद्ध केलेलं नाही. तुमची आठवणीची वही इथे फक्त जाड होत जाईल. म्हणजे ५ वर न अडकता आपण ७ वर अडकलो, इतकाच फरक.

आणि हे एका उदाहरणापुरतं नाही. या धर्तीच्या नियमांचं सर्वसाधारण रूप घेतलं (वेगवेगळ्या बाकीसाठी वेगवेगळे गुणक), तर 'हा आकडा १ वर पोचेल का' हे प्रत्येक नियमासाठी आणि प्रत्येक आकड्यासाठी ठरवणारी एकच पद्धत असूच शकत नाही, हे जॉन कॉनवे यांनी १९७२ मध्ये दाखवलं. तेव्हा कुठे अडकतो ते ओळखून बाहेर पडायचं, या दिशेने सगळ्यांसाठी चालणारा उपाय निघणार नाही. कुठे अडकणार हे माहीत नसतानाही पुढे सरकता आलं पाहिजे. ते विचित्र वाटणारं वेळापत्रक हेच साधतं.

---

निळीशाई

७ चं उदाहरण बघून आता भीती खरी वाटली. मग याच आकड्यांवर ते वेळापत्रक चालवून दाखवाल का? मला फेऱ्या डोळ्यांसमोर यायला हव्यात.

---

कर्णरेषा

हो. `i` व्या फेरीत १ ते `i` हे आकडे घ्यायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त `i` पायऱ्या द्यायच्या. तेवढ्यात १ वर पोचला तर छापायचा, नाही पोचला तर सोडून पुढे जायचं.

पहिल्या फेरीत फक्त १, तो छापला. दुसऱ्या फेरीत १ आणि २, दोन्ही दोन पायऱ्यांत बसतात. तिसऱ्या फेरीत ३ आला, पण त्याला पाच पायऱ्या लागतात आणि आपण तीनच दिल्या, म्हणून तो राहिला. चौथ्या फेरीत ४ बसला, ३ अजूनही नाही. पाचव्या फेरीत ३ बसला. त्याच फेरीत ५ सुद्धा आला, त्याला पाच पायऱ्या दिल्या, तो १६६ वर पोचला, तिथेच त्याला सोडलं. सहाव्या फेरीत ६ बसला. सातवीत ७ ला सात पायऱ्या, मिळालं काहीच नाही. आठवीत ८ बसला.

इथे ५ आणि ७ दर फेरीत थोडा वेळ खातात, पण फेरी संपतेच. एका फेरीत जास्तीत जास्त `i` × `i` पायऱ्या, त्यापुढे नाही. सगळी युक्ती एवढीच: अमर्याद वाट कोणाचीच पाहायची नाही, पण प्रत्येकाची मुदत फेरीगणिक वाढवत न्यायची. एखादा आकडा खरोखर पोचणारा असेल तर त्याला लागणाऱ्या पायऱ्या मर्यादितच असतात, आणि ती मुदत कधी तरी येतेच.

पुन्हापुन्हा छापण्याबद्दल: व्याख्येत त्याला मनाई नाही, म्हणून सिद्धतेत कोणी फिकीर करत नाही. नको असेल तर छापलेल्यांची यादी ठेवा. इथे तर यादीचीही गरज नाही. आकडा `n` आणि त्याला लागणाऱ्या पायऱ्या `k`, यांतला जो मोठा असेल त्या फेरीत तो पहिल्यांदा छापला जातो. मग फक्त त्याच फेरीत छापा:

```python
def steps_to_one(n, limit):
    for k in range(limit + 1):
        if n == 1:
            return k
        n = n // 2 if n % 2 == 0 else 5 * n + 1
    return None

i = 1
while True:
    for n in range(1, i + 1):
        k = steps_to_one(n, i)
        if k is not None and max(n, k) == i:
            print(n)
    i += 1
```

सुरुवातीचं आउटपुट असं येतं, एका ओळीत लिहितो:

```
1 2 4 3 6 8 12 15 16 19
```

४ च्या नंतर ३ आलाय, तिकडे लक्ष असू द्या. ते पुढे लागेल.

---

रिकामीओळ

हा प्रश्न मला रोजच्या कामात येतो, म्हणून लिहितोय. आमच्या पार्सरसाठी चाचणीच्या स्ट्रिंग तयार करणारा जनरेटर मी लिहिला होता. आधी काही `a`, मग काही `b`, अशा सगळ्या स्ट्रिंग हव्या होत्या:

```python
from itertools import count
for i in count():
    for j in count():
        print("a" * i + "b" * j)
```

यातून नुसते `b`, `bb`, `bbb` येत राहिले, `a` असलेली एकही स्ट्रिंग दिसली नाही. म्हणजे माझी ही लँग्वेज एन्युमरेट होत नाही असं समजायचं का? की पायथनच्या जनरेटरचीच काही मर्यादा आहे?

---

कर्णरेषा

दोन्ही नाही. तुमची लँग्वेज अत्यंत सोपी आहे, तिच्यासाठी डिसायडरसुद्धा आहे: `b` नंतर `a` आला की 'नाही', बाकी सगळं 'हो', आणि उत्तर दर वेळी येतं. त्यामुळे निळीशाई यांची पहिली साधी पद्धत तुमच्या बाबतीत बिनदिक्कत चालते. सगळ्या स्ट्रिंग लांबीने घ्या, तपासा, छापा.

तुमच्या कोडमध्ये आतला लूप अनंत आहे, म्हणून बाहेरचा `i` शून्यावरून हलतच नाही. बेरीज धरून चाला:

```python
for total in count():
    for i in range(total + 1):
        print("a" * i + "b" * (total - i))
```

आता आतला लूप दर वेळी संपतो. आणि बघा, हा वरच्याच चर्चेचा सांगाडा आहे. तुमच्याकडे `i` आणि `j` या दोन अनंत दिशा होत्या, आमच्याकडे 'कितवी स्ट्रिंग' आणि 'किती पायऱ्या' या दोन. एकाच दिशेने चालत राहिलं की दुसरीकडे कधीच वळता येत नाही. दोन्हीकडे थोडं थोडं सरकलं की तक्त्यातलं प्रत्येक घर कधी ना कधी गाठलं जातं.

---

सहावाफाटा

प्रत्येक फेरीत सगळं पहिल्यापासून चालवणं खटकतं. हजार फेऱ्यांना साधारण ३३ कोटी पायऱ्या होतात. प्रत्येक आकडा कुठवर आलाय ते साठवून ठेवलं, आणि दर फेरीत नवा आकडा घेऊन सगळ्यांना एकेक पायरी पुढे ढकललं, तर हजार फेऱ्यांना पाच लाखांच्या आसपास पायऱ्या लागतील. मग सिद्धतेत हे का करत नाहीत?

---

कर्णरेषा

करता येतं, आणि खऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच करावं. सिद्धतेत वेळेचा हिशोब नसतो, तिथे पहिल्यापासून चालवणं लिहायला सुटसुटीत, एवढंच कारण. ट्युरिंग मशीनच्या टेपवर अनेक अर्धवट मशीनच्या अवस्था सांभाळायच्या म्हटलं की वर्णन किचकट होतं.

तुमच्या पद्धतीत छापण्याचा क्रम मात्र बदलतो: १, २, ४, ३, ८, ६ असा. ८ ला तीन पायऱ्या लागतात आणि ६ ला सहा, म्हणून ८ आधी लागतो. लँग्वेज तीच, क्रम वेगळा. एन्युमरेटरच्या क्रमावरून लँग्वेजबद्दल काही अनुमान काढू नये, ते यासाठी.

---

निळीशाई

आता पहिली बाजूही मला वाटली होती तितकी सोपी वाटेनाशी झाली. समजा ७ हातात धरून मी यादी बघत बसले. १, २, ४, ३, ६, ८, १२ गेले. ७ आला नाही. ८ आणि १२ छापून झाले म्हणजे ७ ची वेळ टळली, असं म्हणता येईल ना? मग 'नाही' म्हणायला काय हरकत आहे?

---

कर्णरेषा

तेच करता येत नाही, आणि ३ हा त्याचा पुरावा. ४ छापून झाल्यावर तुम्ही '३ ची वेळ टळली' म्हणाला असतात, आणि पुढच्याच फेरीत ३ आला असता. इथे उशीर एका फेरीचा होता, दुसऱ्या लँग्वेजमध्ये तो कितीही मोठा असू शकतो. म्हणून यादी बघत बसणारा फक्त 'हो' म्हणू शकतो. 'नाही' म्हणायचं तर किती फेऱ्या थांबायचं ते आधी सांगता यायला हवं, आणि तो आकडा काढता आला तर तो डिसायडरच झाला. दिलेला प्रोग्रॅम कधी थांबेल का, या हॉल्टिंगच्या प्रश्नाबाबतीत असा आकडा काढता येत नाही, हे ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधातल्या युक्तिवादातून निघतं.

'नाही' म्हणण्याचा एक प्रामाणिक मार्ग आहे. लँग्वेजमध्ये नसलेल्या स्ट्रिंगचीही यादी छापणारा दुसरा एन्युमरेटर मिळाला, तर दोन्ही शेजारी शेजारी चालवा. तुमची स्ट्रिंग एका यादीत येणारच. हा मुद्दा एमिल पोस्ट यांच्या १९४४ च्या निबंधात आहे. यावरूनच लक्षात येतं की कधीच न थांबणाऱ्या प्रोग्रॅमची यादी कोणतंही मशीन छापू शकत नाही. थांबणाऱ्यांची यादी आपल्या फेऱ्यांनी छापता येते. न थांबणाऱ्यांचीही आली असती तर हॉल्टिंग प्रॉब्लेम सुटला असता.

`5n+1` मध्ये हे फार छान दिसतं. १ वर पोचणाऱ्यांची यादी आहे. सहावाफाटा यांच्या वहीने दुसऱ्या चक्रांत पडणाऱ्यांची यादीही छापता येते: ५, १०, १३, १७ वगैरे. पण ७ आजवर दोन्ही याद्यांत दिसलेला नाही. जे अनंताकडे निघून जातात त्यांची तिसरी यादी कशी छापायची, याची पद्धत कोणाकडे नाही, कारण 'हा आता परतणार नाही' हे कोणत्या पायरीवर जाहीर करायचं तेच ठाऊक नाही.

---

पाणकळा

क्रमाची गोष्ट निघाली म्हणून विचारतो. एन्युमरेटर क्रमानेच छापतो, लहान आधी आणि मोठी नंतर, अशी हमी असेल तर लँग्वेज डिसायडेबल होते असं वाचलंय. निळीशाई यांची 'वेळ टळली' ही युक्ती तेव्हा चालते, हे उघड आहे. पण लँग्वेज मर्यादित असेल तर? शेवटची स्ट्रिंग छापून मशीन गप्प फिरत राहिलं तर मी वाटच बघत बसणार.

---

कर्णरेषा

बरोबर पकडलंत. सिद्धतेत तिथे दोन भाग करतात. लँग्वेज अनंत असेल तर थांबायचं: आपली किंवा आपल्यापेक्षा मोठी स्ट्रिंग येणारच. मर्यादित असेल तर ती तशीही डिसायडेबल असते, सगळी यादी प्रोग्रॅममध्येच लिहून टाकता येते.

---

पाणकळा

पण मला दोन्हींपैकी कोणता भाग लागू आहे हे कसं कळणार? मला क्रमवार छापणारा एन्युमरेटर दिला आणि त्यावरून डिसायडर बनवून दे म्हटलं, तर मी कोणता लिहू?

---

कर्णरेषा

ते यांत्रिकपणे करता येत नाही, आणि हे सिद्ध करता येतं. कोणताही प्रोग्रॅम आणि त्याचं इनपुट घ्या. त्यावरून असा एन्युमरेटर बांधा: आधी `1` छापतो, मग तो प्रोग्रॅम चालवतो, आणि तो थांबला तरच पुढे `11`, `111`, `1111` असं छापत जातो. क्रम नेहमी चढता. प्रोग्रॅम थांबणारा नसेल तर लँग्वेजमध्ये एकच स्ट्रिंग, थांबणारा असेल तर `1` च्या सगळ्या. दोन्ही लँग्वेज क्षुल्लक आहेत, दोन्हींना डिसायडर आहे. आता एन्युमरेटरवरून डिसायडर बनवणारं यंत्र असतं, तर त्या डिसायडरला विचारलं असतं: `11` आहे का? उत्तरावरून प्रोग्रॅम थांबतो की नाही ते कळलं असतं. म्हणजे असं यंत्र नाही.

रेकग्नायझर आणि एन्युमरेटर यांच्यात असं होत नाही. तिथे दोन्ही दिशांना एकाचा कोड घेऊन दुसऱ्याचा कोड लिहून देता येतो.

---

पाणकळा

मग 'डिसायडर आहे' म्हणणं मला अजूनही पटत नाही. दोन्हींपैकी एक बरोबर आहे, कोणता ते सांगता येत नाही, आणि तरी 'आहे' म्हणायचं. माझ्या लेखी जे हातात देता येत नाही ते नाही.

---

सहावाफाटा

मला वाटतं 'डिसायडेबल' हा लँग्वेजचा गुण आहे, आपल्या माहितीचा नाही. दोनपैकी एक प्रोग्रॅम बरोबर आहेच, आपल्याला तो ओळखता आला नाही तरी.

---

कर्णरेषा

रूढ व्याख्या सहावाफाटा म्हणतात तशीच आहे. पाणकळा यांची भूमिकाही गणितात जुनी आणि गंभीर आहे, ती घेऊन वेगळं तर्कशास्त्र उभं राहिलंय. इथे मी निकाल देणार नाही, फक्त कोणती भूमिका धरून बोलतोय ते सांगून बोलावं.

---

निळीशाई

एक शेवटचं. रेकग्नायझरवरून मिळालेल्या यादीला मी अशी चाळणी लावली की आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा मोठा असेल तरच छापायचा, तर यादी आपोआप क्रमवार होईल ना? `5n+1` च्या यादीतून १, २, ४, ६, ८, १२, १५, १६, १९ राहतात, फक्त ३ गळतो.

---

कर्णरेषा

होते. लँग्वेज अनंत असेल तर चाळलेली यादीही अनंतच राहते, कारण कितीही मोठा आकडा छापला असला तरी त्याहून मोठा कधी तरी येतोच. म्हणजे रेकग्नायझर असलेल्या प्रत्येक अनंत लँग्वेजच्या पोटात एक अनंत डिसायडेबल लँग्वेज सापडते, आणि तुम्ही आत्ता ती बांधून दाखवलीत. पण ३ गळला, म्हणजे ती मूळ लँग्वेज उरली नाही. चाळणीत एकही न गळता क्रम आणायचा, तर ४ छापण्याआधी ३ चं काय होणार हे कळायला हवं, आणि ८ छापण्याआधी ७ चं.